चौदा जणांच्या मेलमध्ये उत्तर पुन्हा लिहिताना टू कोण, सीसी कोण

प्रश्न: मी बुटीबोरीला कंट्रोल पॅनलच्या कारखान्यात ऑर्डर कोऑर्डिनेशन पाहते. ग्राहकाचं परचेस पुण्याला, साइट चंद्रपूरला. तीन पॅनल १२ तारखेला जायचे होते, दोन तयार आहेत, तिसऱ्याचे ब्रेकर १६ ला येणार. मेलमध्ये १४ जण आहेत. परचेसच्या मॅडम शेवटी ४ तारखेला बोलल्या. ९ ला साइट इंजिनिअरने फक्त आमच्या सेल्सवाल्याला रिप्लाय केला की दोन पाठवून द्या, मग सेल्सवाल्याने सगळ्यांना परत जोडलं. मी रिप्लाय ऑल करून सगळं लिहिलं, स्टोअरने ब्रेकर मागवायचा इंडेंट उशिरा टाकला तेही, गाडीचं, बिलाचं. साहेब म्हणाले पुन्हा लिही. तीनदा लिहून झालं पण टू मध्ये कोण, सीसी मध्ये कोण, रिप्लाय ऑल करू की नको, हेच जमून नाही राहिलं.

उत्तर:

ताई, मजकूर तुम्ही तीनदा बदलला आणि वरची नावं मात्र पहिल्यांदा रिप्लाय ऑल दाबलं तेव्हा आली तीच आहेत, अडलंय ते इथे. पहिल्या खर्ड्यात स्टोअरची तक्रार होती तेव्हा स्टोअरवाले हवेत असं वाटत होतं, बिलाचं होतं म्हणून अकाउंट्स हवं असं वाटत होतं, आता ती वाक्यं निघाली असतील तर ती माणसं तिथे काहून बसली आहेत? मी एकोणीस वर्षं हेच काम करतोय, आधी हिंगण्याला मग बुटीबोरीला, आणि माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात हे सांगतो की उत्तर पुन्हा लिहायचं म्हणजे नावांची ओळ पण पुन्हा लिहायची, आणि ती सगळ्यात शेवटी.

म्हणून आधी टू आणि सीसी दोन्ही पूर्ण रिकामे करा. विषय बदलू नका, फक्त नावं काढा, मेल त्याच धाग्यात राहते. रिकामं ठेवण्याचा एक फायदा हा पण आहे की अर्धवट असताना चुकून सेंड दाबलं तरी मेल जात नाही.

आता तुमच्या खर्ड्यातलं एकेक वाक्य घ्या आणि विचारा की हे वाचून कोणाला काही करायचंय. तुमच्यात मला पाच गोष्टी दिसून राहिल्यात. दोन पॅनल तयार, तिसरा १६ नंतर. दोनच आधी पाठवायचे का. इंडेंट उशिरा गेला. गाडी कोणत्या दिवशी लावायची. बिल दोनाचं करायचं की तिन्हीचं. यात ग्राहकाकडून उत्तर पाहिजे अशी गोष्ट एकच आहे, दोन आधी पाठवायचे का. बाकीच्या एकतर नुसत्या माहितीच्या आहेत नाहीतर आपल्या घरातल्या आहेत. मग टू मध्ये तोच माणूस जो या एका प्रश्नाला हो किंवा नाही म्हणू शकतो.

तो माणूस कोण हे नीट पाहा. साइट इंजिनिअर म्हणाला पाठवून द्या, आणि ग्राहकाकडून तोच शेवटी बोलला, त्याला घाई पण आहे, त्यामुळे मन त्याच्याकडे जातं. मेलचं सॉफ्टवेअर पण इथे मदत करत नाही, कारण रिप्लाय केलं की टू मध्ये शेवटची मेल पाठवणारा येतो, त्याला काय माहीत की निर्णय कोणाचा आहे. पण तुमची परचेस ऑर्डर उघडून अटी वाचा. खूप ऑर्डरींमध्ये लिहिलेलं असतं की माल तुकड्यातुकड्यात पाठवायचा तर परचेसची लेखी परवानगी लागेल. असं असेल तर साइट इंजिनिअरच्या हो ला काही वजन नाही, दोन पॅनल चंद्रपूरला उतरतील आणि बिल पुण्यात अडकेल, की परवानगी कुठेय. म्हणजे टू मध्ये परचेसच्या मॅडम, एकट्या. माझा हात टू मध्ये दोनच्या वर जात नाही, आणि दोन असले तर कोणी काय करायचं ते नावानिशी लिहितो, नाहीतर दोघंही समजतात दुसरा पाहून घेईल आणि कोणीच उत्तर देत नाही.

आता इथे तुमच्या केसमधली खरी गोम आहे. मॅडम ४ तारखेला बोलल्या. ९ ला साइट इंजिनिअरने फक्त सेल्सवाल्याला रिप्लाय केला, म्हणजे त्या मेलवर दोघंच उरले. मग सेल्सवाल्याने सगळ्यांना परत जोडलं म्हणता, पण त्याने ते कसं जोडलं असेल? आठवून आठवून नावं टाकली असतील. आपल्या कंपनीतले सगळे पटकन आठवतात, समोरच्या कंपनीतली बाई जी पाच दिवस बोलली नाही तीच राहून जाते. शेवटच्या मेलवर पाठवणाऱ्याच्या नावाखाली छोटा बाण असतो, तो दाबला की टू सीसी सगळं दिसतं, तिथे मॅडमचं नाव आहे का पाहा. नसेल तर तुमचं रिप्लाय ऑल चौदा जणांना जाईल आणि जिला विचारायचंय तिलाच जाणार नाही. रिप्लाय ऑल म्हणजे या धाग्यातले सगळे, असं आपण धरून चालतो, पण ते फक्त ज्या एका मेलवर तुम्ही बटण दाबलं त्या मेलवरचे सगळे असतात. मधे कोणी नुसतं रिप्लाय केलं असेल तर तिथून धागा फाटतो आणि एक फांदी वाळते. म्हणून गर्दीच्या मेलमध्ये मी नेहमी मागच्या तीन-चार मेलवरची नावं उघडून पाहतो, कोण कुठे गळालं ते लगेच कळतं. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि मॅडम गळाल्या असतील तर त्यांचं नाव शेवटच्या मेलमध्ये नुसतं जोडून पाठवू नका, हे मी हात जोडून सांगतो. नाव जोडलं की त्यांना फक्त तुमचं उत्तर जात नाही, खाली जो सगळा जुना मजकूर चिकटून येतो तो पण जातो, जीमेलमध्ये तर तो तीन टिंबांच्या मागे झाकलेला असतो त्यामुळे लिहिणाऱ्याला दिसतच नाही. मी हे भोगलंय. आधीच्या एका कंपनीत असताना रेटची घासाघीस सुरू होती, आतल्या आत आठ-दहा मेल झाल्या, त्यात आम्ही किती खाली उतरू शकतो तो आकडा कोणीतरी लिहिला होता. मी शेवटी एकदम नम्र, छान उत्तर लिहिलं आणि घाईत त्याच धाग्यात ग्राहकाला जोडलं. दुसऱ्या दिवशी ग्राहकाने बरोबर तोच आकडा मागितला, एक रुपया वर नाही. ऑर्डर मिळाली पण त्या कामात काही उरलं नाही, आणि मला ते अजून लागतं. तेव्हापासून बाहेरचा माणूस जोडायचा असला की ती तीन टिंबं उघडून तळापर्यंत वाचल्याशिवाय मी पाठवत नाही. तुमच्या धाग्यात ९ नंतर आपल्या लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचा, इंडेंटचं कोणी ना कोणी लिहिलंच असेल.

मग करायचं काय, तर मॅडमच्या ४ तारखेच्या मेलवर जा, त्या मेलवर रिप्लाय ऑल दाबा आणि तुमचा खर्डा तिथे आणा. एकाच धाग्यातल्या प्रत्येक मेलला स्वतःचं रिप्लायचं बटण असतं, शेवटच्याच मेलवर उत्तर द्यायचं असं काही बंधन नाही. तिथून केलं की टू मध्ये मॅडम आपोआप येतात, खाली फक्त ४ तारखेपर्यंतचा मजकूर येतो जो त्यांनी पाहिलेलाच आहे, आणि ९ नंतरचं आतलं बोलणं त्यात नसतं. यात एकच उणीव आहे की साइट इंजिनिअर हो म्हणाला हे मॅडमना कळणार नाही, ते तुम्ही स्वतःच्या एका वाक्यात लिहायचं. आणि दुसरं, रिप्लाय केलं की जुन्या मेलसोबतची जोडलेली फाइल जात नाही, ती फक्त फॉरवर्ड केल्यावर जाते. दोन पॅनलचा टेस्ट रिपोर्ट ४ नंतर कोणी टाकला असेल तर मॅडमकडे तो नाही, परत जोडा. मागच्या मेलमधला रिपोर्ट पाहावा असं लिहिणं म्हणजे समोरच्याला नसलेली गोष्ट शोधायला लावणं.

आता सीसी. इथे लोक सगळ्यात जास्त घाबरतात, की कोणाला काढलं तर राग येईल. माझा हिशोब असा आहे, या उत्तरामुळे ज्याचं पुढच्या एक-दोन दिवसांतलं काम बदलतं तो सीसी मध्ये. साइट इंजिनिअर हवा, कारण दोन येणार की तीन यावर त्याला क्रेन ठरवायची आहे, आणि शिवाय तो स्वतः बोललाय, त्याचं म्हणणं मॅडमपुढे मांडताना त्याला बाहेर ठेवणं बरं दिसत नाही. आपला सेल्सवाला हवा, ग्राहकाचा फोन त्यालाच येतो, त्याला माहीत नसेल तर तो वेगळंच सांगून मोकळा होईल. प्रॉडक्शन हेड हवे, कारण १६ नंतर किती दिवसांत तिसरा होईल ही तारीख तुम्ही त्यांच्या भरवशावर देताय, ती त्यांनी पाहिलेली असावी. बस. क्वालिटीने आपलं काम केलं, रिपोर्ट जोडलाय. स्टोअर, अकाउंट्स आणि वाडीचा ट्रान्सपोर्टवाला यांचं काम मॅडमच्या उत्तरानंतर सुरू होतं, आज नाही. ट्रान्सपोर्टवाला तर ग्राहकाच्या मेलमध्ये आलाच कसा हे मला कळत नाही, कोणीतरी एकदा सोयीसाठी जोडला आणि तेव्हापासून तो आपलं भांडण फुकट वाचून राहिला.

ग्राहकाचे प्रोजेक्ट मॅनेजर धाग्यात असतील तर त्यांना काढू नका. समोरच्या कंपनीतल्या माणसाला त्यांच्या कंपनीतल्या कोणी जोडलं असेल तर काढायचा हक्कही त्यांचाच. तुम्ही काढलं की त्यांना वाटतं काहीतरी लपवून राहिले. पण ते नसतील तर तुम्ही होऊन जोडूही नका, कारण मॅडमना प्रश्न विचारताना त्यांच्या वरच्या माणसाला सीसी टाकणं म्हणजे मॅडमची तक्रार करणं, लिहिणाऱ्याच्या मनात तसं काही नसलं तरी वाचणारा तेच वाचतो. खरंच उत्तर आलं नाही आणि वरच्याला सांगायची वेळ आलीच तर आधी मॅडमना फोन करून सांगावं की उद्या दुपारपर्यंत नाही कळलं तर मला तुमच्या साहेबांना सीसी घालावं लागेल. आपल्याकडे लोक एवढं सांगितलेलं लक्षात ठेवतात.

आपल्या डायरेक्टर साहेबांचं वेगळं. ते सीसी मध्ये असले की खालचे सगळे त्यांना दाखवण्यासाठी लिहायला लागतात, कामासाठी नाही. पण न विचारता काढू पण नका. एकदा समोर जाऊन विचारा, साहेब, मॅडमचं उत्तर आलं की तुम्हाला दोन ओळींत कळवते, रोजच्या मेलमधून तुम्हाला वगळू का. माझ्या अनुभवात बहुतेक जण लगेच हो म्हणतात. नाही म्हणाले तर राहू द्या, एका सीसीने काही बिघडत नाही.

एक अपवाद मात्र नक्की पाळा. काही प्रोजेक्टमध्ये ऑर्डरसोबत किंवा सुरुवातीच्या मीटिंगमध्ये पत्रव्यवहाराची यादी ठरलेली असते, की उशिराची सूचना अमुक पत्त्यांवरच द्यायची. तुमच्या ऑर्डरमध्ये असं असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि ती यादी जशीच्या तशी घ्या, कारण उद्या उशिराचा दंड लागला तर तुम्ही वेळेत कळवलं होतं की नाही हे त्या पत्त्यांवरून ठरतं.

आता मेल. तुम्ही बहुधा इंग्रजीत लिहाल, मी आपल्या भाषेत मांडतो.

टू: परचेसच्या मॅडम
सीसी: साइट इंजिनिअर, आपला सेल्स इंजिनिअर, प्रॉडक्शन हेड (ग्राहकाचे मॅनेजर आधीपासून असतील तर ते)

"मॅडम, तीनपैकी दोन पॅनल तयार आहेत, टेस्ट रिपोर्ट सोबत जोडला आहे. तिसऱ्याचे ब्रेकर १६ तारखेला येत आहेत, पॅनल २० ला निघेल. साइटवरून ९ तारखेला दोन पॅनल आधी पाठवावे असं कळवलं आहे. ऑर्डरनुसार त्यासाठी तुमची लेखी परवानगी लागते, ती उद्या १२ तारखेला दुपारी २ पर्यंत मिळाली तर गाडी १३ ला सकाळी निघेल. परवानगी नसेल तर तिन्ही एकत्र २० ला पाठवू. आमच्या स्टोअर, अकाउंट्स आणि ट्रान्सपोर्टला या मेलमधून वगळलं आहे, त्यांना मी वेगळं कळवते."

२० तारीख मी अंदाजाने धरली, तुम्ही प्रॉडक्शनला विचारून टाका. शेवटचं वाक्य काही लोकांना फालतू वाटतं, पण ते ठेवाच. नावं गुपचूप काढली की पुढचा माणूस समजतो चुकून गळाली आणि परत सगळ्यांना जोडतो, लिहून काढली की कोणी परत जोडत नाही. काही जण अशा वेळी वगळलेल्यांना बीसीसी मध्ये टाकतात, म्हणजे त्यांना ही एक मेल मिळते आणि पुढच्या रिप्लाय ऑलमध्ये ते नसतात. आपल्याच माणसांसाठी आणि मेलमध्ये तसं सांगून केलं तर चालतं. न सांगता कोणाला बीसीसी करू नका, त्याने तिकडून रिप्लाय ऑल दाबलं की त्याचं उत्तर टू आणि सीसीतल्या सगळ्यांना जातं आणि तो लपून वाचत होता हे सगळ्यांपुढे उघडं पडतं.

इंडेंटचं वाक्य या मेलमध्ये नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्याची वेगळी मेल, नवीन विषय देऊन, टू मध्ये स्टोअर इनचार्ज, सीसी मध्ये फक्त प्रॉडक्शन हेड, आणि त्यात कोणाची चूक यापेक्षा पुढचा इंडेंट कोणत्या तारखेपर्यंत पडायला हवा ते विचारा. खरं सांगू का, आधी स्टोअरमध्ये चालत जाऊन बोला, मेल नंतर. बारा जणांसमोर लिहिलेली चूक माणूस कबूल करत नाही, तो उलट तुमची चूक शोधून लिहितो, आणि मग त्या मेलला अंत नाही. गाडीवाल्याला फोन, की उद्या २ नंतर पक्कं सांगते. अकाउंट्सला मॅडमचं हो आल्यावर तेच उत्तर फॉरवर्ड करा, वर एक ओळ की दोनाचं बिल करा, कारण त्यांना परवानगी स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवी. फॉरवर्ड करण्याआधी खालचं मात्र पुन्हा एकदा वाचा.

पाठवताना जीमेल असेल तर सेटिंगमध्ये Undo Send ३० सेकंदांवर ठेवा, त्याहून जास्त ते देत नाही, आणि त्या तीस सेकंदांत मजकूर वाचू नका, फक्त नावं वाचा. एकसारख्या नावांचे दोन जण असले की टाइप करताना भलताच येऊन बसतो, आणि आडनाव न पाहता आपण पुढे जातो. ग्रुपचा पत्ता असेल तर तो एकच नाव दिसतो पण त्यामागे तीस माणसं असू शकतात, त्यात कोण आहे ते आयटीवाल्याला एकदा विचारून ठेवा.

नावं बरोबर होती की नाही हे येणाऱ्या उत्तरांवरून कळतं. परचेसच्या मॅडमचं हो किंवा नाही आलं आणि बाकी कोणी काही बोललं नाही, तर यादी बरोबर होती. "नोटेड" अशी चार उत्तरं आली आणि मॅडम गप्प, तर सीसी जास्त झाले किंवा प्रश्न टू मधल्या माणसाला उद्देशून लिहिला गेला नाही. कोणी फोन करून विचारलं की यात माझं काय काम, तर त्याला पुढच्या वेळी काढा. आणि १३ ला सकाळी साइटवरून कोणी म्हणालं की आम्हाला कळलंच नाही, तर ४ तारखेच्या मेलवर साइट इंजिनिअर होता का ते मागे जाऊन पाहा, कारण तुम्ही रिप्लाय ऑल त्या मेलवरून केलंय आणि तो कदाचित त्यानंतर धाग्यात आला असेल. तसं असेल तर त्याचं नाव तुम्हाला हाताने टाकावं लागतं, आणि आज पाठवायच्या आधी पहिलं हेच तपासून घ्या.